गुण आला, पण कशाचा?

मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात आपल्याकडे शोधावी लागत नाही. भिंतीवर, विजेच्या खांबावर, रेल्वेच्या डब्यात ती आपणहून समोर येते: विना ऑपरेशन, शुद्ध वनस्पतीजन्य, एका रात्रीत आराम. लाजेचं दुखणं असल्यामुळे माणूस डॉक्टरपुढे बसण्याऐवजी गुपचूप मलमाची डबी किंवा पुड्या घेतो आणि बऱ्याचदा त्याला गुण येतोही. माझं म्हणणं असं, की हा झटपट गुणच आधी तपासला पाहिजे. सूज, खाज आणि आग रात्रीतून उतरवण्याची ताकद स्टेरॉइडमध्ये असते. नागकेसर, सुरण किंवा हिरडा यांच्या नावावर ती ताकद खपवली जात असेल, तर डबीवर लिहिलेलं एक आणि अंगाला लागलेलं दुसरंच.

ही शंका हवेतली नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम इथे मुलांच्या इसबावर वापरल्या जाणाऱ्या 'हर्बल' मलमांचे 24 नमुने प्रयोगशाळेत तपासले गेले आणि 2003 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. चोवीसपैकी वीस मलमांत तीव्र किंवा अतितीव्र स्टेरॉइड निघालं. ती मलमं मूळव्याधीची नव्हती, पण युक्ती तीच. शिवाय गुदद्वाराभोवतीची कातडी नाजूक, दमट आणि सतत झाकलेली, म्हणून तिथे औषध जास्त मुरतं. महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होऊन चिरते, बुरशीचा संसर्ग आत पसरतो आणि वरून मात्र लाली दबलेली दिसते. मलम थांबवलं की आग दुपटीने परत येते, आणि रोगी समजतो, औषध सोडल्यामुळे आजार उलटला. पोटात घ्यायच्या पुडीत स्टेरॉइड असेल तर चेहरा सुजतो, साखर व रक्तदाब चढतो. अशी पुडी बरेच दिवस घेतली असल्यास ती एकदम बंद करणंही धोक्याचं, कारण शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं तोवर मंदावलेलं असतं. तेव्हा पुडी सोबत घेऊनच डॉक्टरकडे जावं.

यावर कुणी म्हणेल, डॉक्टरही स्टेरॉइडचं मलम देतातच की! देतात; पण त्यावर घटकाचं नाव असतं आणि ते थोडेच दिवस लावायला सांगतात. माझा आक्षेप लपवण्याला आहे. समोरून येणारा दुसरा आक्षेप, 'आम्हाला गुण आला' हा. मूळव्याधीचा ठणका पुष्कळदा आठवड्याभरात आपोआप ओसरतो. त्या आठवड्यात जे घेतलं असेल त्याला श्रेय मिळतं. होमिओपथीच्या 30 सी गोळीत तर मूळ पदार्थाचा एक कणही उरण्याची शक्यता नसते. ती बिचारी निरुपद्रवी म्हणावी, तर तिने रात्रीत सूज उतरवली की उलट संशय वाढायला हवा. आणि हे बोलणं आयुर्वेदावरचा हल्ला नव्हे. बद्धकोष्ठ आणि रक्तस्राव कमी करण्यात तंतुमय पदार्थांचा उपयोग चाचण्यांत दिसला आहे, आणि आपला इसबगोल त्याच जातीचा. त्याला कुणी चमत्कार म्हणत नाही, एवढाच त्याचा दोष.

मग घेण्यापूर्वी पाहायचं काय? घटकांची यादी, बॅच क्रमांक, मुदत, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक. बिनलेबलची डबी असेल तर पुढे पाहण्याची गरजच नाही. पण परवाना म्हणजे परिणामाचा पुरावा, असं समजू नका. आयुर्वेदिक औषधाला ग्रंथाधारावरही परवाना मिळू शकतो. 'स्टेरॉइडमुक्त' असं छापलेलं असेल तर त्याच बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागावा आणि त्यात कोणकोणती स्टेरॉइडं शोधली ते वाचावं, कारण जे शोधलंच नाही ते सापडत नाही. रंग, वास, पाण्यात घालून पाहणं, यांतलं काहीही घरी उपयोगाचं नाही. दाव्यांचं म्हणाल, तर औषध नियमावलीच्या अनुसूची 'जे'मध्ये मूळव्याध आणि भगंदर नावानिशी आहेत. त्या यादीतले रोग बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही. आयुर्वेदिक औषधांचं प्रकरण कायद्यात वेगळं आहे, ही पळवाट पुढे केली जाते. पण 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा खोट्या दाव्यांना सरसकट लागू आहे.

हा वेगळेपणा गिऱ्हाइकाला आणखी एका ठिकाणी नडतो. औषध कायद्याच्या कलम 26 प्रमाणे कुणीही फी भरून सरकारी विश्लेषकाकडे औषध तपासायला देऊ शकतो. होमिओपथीचं औषध त्यात येतं. आयुर्वेदिक औषधाचं प्रकरण मात्र त्या कलमाबाहेर राहतं. तिथे अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करून निरीक्षकाला दुकानातून नमुना घ्यायला लावणं हाच मार्ग. त्यासाठी बिल घ्यावं, आणि डबी अर्धी संपली असली तरी बॅच क्रमांकासकट जपून ठेवावी.