खबरदारी कोण घेणार, आणि कधी?



तलाकपीडित महिलांसाठीच्या आपल्या सल्ला केंद्राचा प्रस्ताव मी लिहिला, तेव्हा 'जोखीम' या मथळ्याखाली एकच वाक्य होते : 'समाजातून विरोध होऊ शकतो, योग्य ती खबरदारी घेतली जाईल.' आपल्या एका ज्येष्ठ भगिनीने वाचून विचारले, "खबरदारी कोण घेणार, आणि कधी?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

मग आम्ही नोंदवही आखली. प्रत्येक धोक्यापुढे लिहायचे : नेमके काय घडेल, त्याची पहिली खूण कोणती, आधी काय करायचे आणि जबाबदार कोण. शक्यतेला आणि परिणामाला १ ते ५ गुण द्यायचे व त्यांचा गुणाकार करायचा. समाजाच्या विरोधाला शक्यता २, परिणाम ४, म्हणजे ८ गुण मिळाले. सर्वांत वर आला तो आम्ही प्रस्तावात लिहिलेलाही नसलेला धोका : पोटगीची थकबाकी मुदतीबाहेर जाणे. ४ गुणिले ४, म्हणजे १६.

हा धोका नीट समजून घ्या. पोटगीचा आदेश झाला तरी नवरा पैसे देईलच असे नाही. पूर्वीचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. त्यानुसार वसुलीचे वॉरंट हवे असेल, तर रक्कम देय झाल्यापासून १ वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. समजा, दरमहा ४,००० रुपये ठरले आणि १४ महिने काहीच मिळाले नाही. थकबाकी झाली ५६,०००. पण आज अर्ज केला, तर वॉरंट मागता येईल ते शेवटच्या १२ महिन्यांच्या ४८,००० साठी. उरलेले ८,००० या वाटेने गेले, आणि थांबू तितका तोटा वाढत जातो.

याची खूण सोपी आहे : सलग दोन महिने पैसे नाहीत, किंवा "पुढच्या महिन्यात सगळे एकदम देतो" असा निरोप. म्हणून आदेशाच्या दिवशीच पोटगी बहिणीच्या बँक खात्यात जमा व्हावी, अशी मागणी करायची. हाती रोख आलीच तर तारखेसह लिहून ठेवायची. सहाव्या महिन्यात वकिलांकडे कागद द्यायचे आणि नवव्या महिन्याच्या आत अर्ज दाखल करायचा. हे काम केंद्राच्या कार्यकर्तीचे. ती रजेवर असेल तर कोणाचे, तेही नाव वहीत हवे.

एवढे केल्यावर शक्यता ४ वरून २ वर येते, परिणाम मात्र ४ च राहतो. नवऱ्याकडे पैसेच नसतील, तर वेळेत अर्ज करूनही हातात काही पडणार नाही. आपण वाचवतो तो तिचा हक्क. उरलेले हे ८ गुणही वहीत लिहायचे, खोडायचे नाहीत.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी वही उघडू. पहिला प्रश्न तोच असेल : कोण, आणि कधी?