कमिशन महाग, की गिऱ्हाईक शोधणं महाग?

(रविवारच्या बैठकीत केलेलं बोलणं. आलेल्यांपैकी बरेच जण रंगकाम, कपाटं जोडणं, टीव्ही भिंतीला लावणं, नळाची किरकोळ दुरुस्ती अशी कामं स्वतःच्या नावावर करणारे होते.)

विषय पैशाचा आहे, म्हणून सरळ हिशेबालाच लागू. पण त्याआधी एक गोष्ट. स्वतःच्या नावावर कामं घेणं सगळ्या व्हिसांवर चालत नाही. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही, मग तो ॲपवरचा असो की ओळखीतला. ग्रॅज्युएट व्हिसा, स्किल्ड वर्करच्या जोडीदाराचा डिपेंडंट व्हिसा, किंवा कायमचा राहण्याचा परवाना असेल तर चालतो. आणि दुसऱ्याचं अकाउंट भाड्यानं घेऊन काम करणाऱ्यानं पुढचा हिशेब करूच नये. ॲप एकदा कापतं, अकाउंटवाला दुसऱ्यांदा कापतो, आणि पकडला गेलात तर व्हिसा तुमचा जातो.

आता आपल्यातली नेहमीची तक्रार घ्या. "ॲपवाले वीस टक्के खातात, थेट गिऱ्हाईक केलं की सगळे पैसे आपले." अर्धी गोष्ट खरी आहे. कमिशन डोळ्यांना दिसतं, कारण ते पावतीवर छापलेलं असतं. गिऱ्हाईक शोधण्याचा खर्च कुठेच छापलेला नसतो. तो आपल्या वेळेतून जातो आणि आपण तो लिहीत नाही.

लेस्टरच्या एका भावाला मी चार आठवडे वही ठेवायला सांगितली. नाव सांगत नाही, आकडे सांगायची परवानगी घेतली आहे. हातानं केलेल्या कामाचा त्यांचा दर दोन्हीकडे सारखाच, तासाला ३० पौंड. म्हणजे फरक पडला तो दरामुळे नाही.

ॲपवर त्यांनी चार आठवड्यांत २४ कामं केली. गिऱ्हाइकांनी दिले १,४४० पौंड. वीस टक्क्यांनी २८८ कमिशन गेलं, राहिले १,१५२. बस, पेट्रोल, पार्किंग १३२. हातात १,०२०. तास बघा: प्रत्यक्ष कामाचे ४८, येण्याजाण्याचे २४, मेसेजांना उत्तरं देण्याचे आणि ॲप बघत बसण्याचे ८. एकूण ८०. म्हणजे तासाला १२ पौंड ७५ पेन्स. एप्रिल २०२५ मध्ये इथला किमान पगार तासाला १२.२१ झाला, आणि पगारी माणसाला वर सुट्टीचे पैसेही मिळतात.

थेट गिऱ्हाइकांकडून कामं मिळाली ९, बिलं झाली ९९० पौंडांची. एकानं ८० पौंड दिलेच नाहीत. पत्रकं छापायला ६० गेले, प्रवासाला ७०. हातात ७८०. तास: कामाचे ३३, प्रवासाचे १२, पत्रकं वाटण्याचे १४, आणि फोन, मेसेज, काम बघून दर सांगायला जाणं यांचे १३. एकूण ७२. तासाला १० पौंड ८३.

म्हणजे कमिशन शून्य असलेली बाजू तोट्यात! भाऊ वही मिटून म्हणाले, "मग ॲपच बरं." मी म्हटलं, थांबा, या नऊ कामांत दोन जाती आहेत, त्या वेगळ्या करा.

नऊपैकी पाच कामं जुन्या गिऱ्हाइकांची होती. त्यांतली तीन एकाच लेटिंग एजंटची, भाडेकरू गेला की खोली रंगवून द्यायची. या पाच कामांचे ६०० पौंड, प्रवास ३५, हातात ५६५. वेळ सगळा मिळून २८ तास, कारण फोन दोन मिनिटांचा: "अमुक पत्ता, किल्ली ऑफिसात." तासाला २० पौंडांच्या वर पडले. उरलेली चार कामं पत्रकांतून आली. त्यांचं बिल ३९०, बुडीत ८०, छपाई ६०, प्रवास ३५. राहिले २१५, आणि तास ४४. तासाला पाच पौंडसुद्धा नाहीत.

तर "ॲप की थेट" हा प्रश्नच नीट नाही. नवं गिऱ्हाईक आणि परत येणारं गिऱ्हाईक, असे भाग पाडायचे. ॲप प्रत्येक कामाला कापतं, पहिल्या आणि विसाव्याही. थेट गिऱ्हाइकाचा शोधखर्च एकदाच होतो. पण तो एकदाच होणारा खर्च केवढा असतो, ते कोणी मोजत नाही. मोजू या.

पत्रकांच्या चार गिऱ्हाइकांसाठी भावांचे हिंडण्यात आणि बोलण्यात २५ तास गेले. ते तास त्यांनी ॲपवर घातले असते तर १२.७५ च्या दरानं साधारण ३१९ पौंड मिळाले असते. त्यात छपाईचे ६० मिळवा, झाले ३७९. चौघांत वाटले तर एक नवं गिऱ्हाईक सुमारे ९५ पौंडांना पडलं. बुडीतही त्यात धरलं तर ११५ ला. थेट काम सरासरी ११० पौंडांचं होतं. तेच काम ॲपवर असतं तर कमिशन २२ गेलं असतं. पंचाण्णवाला बावीसनं भागा, चाराच्या थोडं वर येतं. म्हणजे ते गिऱ्हाईक पाच वेळा आलं तर आपण जिंकलो. एकदाच टीव्ही लावून घेऊन गेलं तर ॲपच स्वस्त होतं.

हे पाच मनात ठेवा आणि मग माणूस बघा. नव्या घरात आलेलं जोडपं दोन कपाटं जोडून घेईल आणि वर्षभर विसरेल. असलं काम ॲपवरच घ्या, कमिशन खुशाल द्या. लेटिंग एजंट, आठ-दहा घरं भाड्यानं देणारा मालक, छोटं हॉटेल, एकट्या राहणाऱ्या आजी ज्यांच्याकडे दर महिन्याला काहीतरी मोडतंच, ही गिऱ्हाइकं पाचाच्या वर जातात. त्यांच्यासाठी अर्धा दिवस घालवला तरी वसूल होतो. भाऊ आता पत्रकं घेऊन गल्लोगल्ली फिरत नाहीत. जिथे काम चालू आहे तिथल्या शेजारच्या दोन-चार घरांतच टाकतात. तो वेळ ते एजंटांच्या ऑफिसात जाण्यात घालवतात. सोबत आधीच्या खोलीचे आधी-नंतरचे फोटो, विम्याचा कागद, आणि एका खोलीचा ठरलेला दर.

वर मी त्यांच्या तासाची किंमत १२.७५ धरली. ती ॲपवर काम उपलब्ध असतानाच खरी. मंगळवारी सकाळी ॲप थंड असेल तर त्या तासाला तसं काहीच मिळणार नसतं, तेव्हा एजंटांकडे जायला फक्त चप्पल झिजते. शनिवारी मात्र ॲपवर तीन कामं वाट बघत असताना गिऱ्हाईक शोधत फिरणं महागात पडतं. वहीत तासांपुढे वारही लिहा तो यासाठी.

कमिशनवर राग काढताना एक चोर सुटतो: प्रवास. भावांचे ॲपचे ८० तास, त्यांत २४ रस्त्यावर. समजा ॲपनं कमिशन पूर्ण माफ केलं, तर तासाचे १६.३५ झाले असते. कमिशन तसंच ठेवून प्रवास निम्मा केला, वेळही आणि खर्चही, तर १,०८६ पौंड आणि ६८ तास, म्हणजे जवळजवळ १६. कमिशन आपल्या हातात नाही, पण बऱ्याच ॲपवर नकाशावर कामाचा भाग आखता येतो, तो आपल्या हातात आहे. लांबचं काम आपण लोभानं घेतो आणि मग शिव्या कमिशनला देतो.

"कमिशन नाही" अशा जाहिरातींबद्दलही सांगतो, कारण सगळे बाजार टक्क्यानं कापत नाहीत. बार्कवर क्रेडिट विकत घेऊन गिऱ्हाइकाशी संपर्क करावा लागतो. मायबिल्डरवर गिऱ्हाइकानं निवडक यादीत घेतलं की फी लागते. चेकाट्रेडची मेंबरशिप असते. या पैशांचा काम मिळण्या-न मिळण्याशी थेट संबंध नसतो. तिथे फीला जिंकलेल्या कामांनी भागायचं. उदाहरणार्थ, एका संपर्काचे १२ पौंड आणि सहातलं एक काम मिळालं, तर ते काम ७२ पौंडांना पडलं. ११० च्या कामावर हे पासष्ट टक्के झाले. त्यापुढे वीस टक्के सोन्यासारखे.

कोणी विचारेल, ॲपवरच्याच गिऱ्हाइकाला आपला नंबर देऊन बाहेर का घेऊ नये? बहुतेक ॲपच्या करारात मनाई असते आणि सापडलात तर अकाउंट बंद होतं. भावांचे महिन्याचे १,०२० पौंड तिथून येतात, ते एका गिऱ्हाइकापायी पणाला लावायचे का, हे करार वाचून ज्यानं त्यानं ठरवावं. शिवाय ॲपवर कार्डाचे पैसे आधीच अडकवलेले असतील तर बुडायची भीती कमी. थेट कामात ती जबाबदारी आपली. सामानाचे पैसे आधी घ्या, ठरलेला दर आणि काम व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि समोरच्याचं "ओके" आल्याशिवाय ब्रश उचलू नका. त्या ८० पौंडांच्या कामाचं सगळं ठरलं होतं दारात उभं राहून, तोंडी. कोर्टात छोट्या रकमेचा दावा ऑनलाइन लावता येतो, पण दाखवायला काहीतरी लागतं.

कर भरतानाही कमिशनचा घोळ होतो. उत्पन्न म्हणून १,४४० लिहायचे आणि २८८ खर्चात दाखवायचे. बँकेत आलेले १,१५२ हे उत्पन्न नाही. जानेवारी २०२४ पासून ॲपवाल्यांना कामगारांच्या कमाईची माहिती जमवून एचएमआरसीला द्यावी लागते, तेव्हा तुमचा आकडा आणि त्यांचा आकडा जुळला पाहिजे. वर्षाला १,००० पौंडांची जी ट्रेडिंग सूट आहे, ती घेतली तर मग खर्च वजा करता येत नाहीत. भावांसारखा खर्च असेल तर खर्चच दाखवलेला बरा.

आता एजंटांचं गोड सांगितलं, तर कडूही सांगतो. त्या एजंटनं पैसे दिले तीस दिवसांनी, बिल पाठवल्यावर, तेही आठवण केल्यावर. ॲपचे पैसे काही दिवसांत येतात. घरभाडं एक तारखेला द्यायचं असतं. भावांनी म्हणून ॲप सोडलेलं नाही. एजंटची तीन कामं एका महिन्यात आली तर त्यांचे पैसे पुढच्या महिन्याच्या भाड्याला धरायचे, चालू महिना ॲपवर काढायचा. एकाच एजंटवर सगळं टाकायचं नाही, कारण त्याला उद्या स्वस्त रंगारी मिळाला तर तो आपल्याला कळवणारही नाही. दुसरा एजंट मिळेपर्यंत ॲपवर आठवड्याचे तीन दिवस ठेवायचे असं त्यांनी ठरवलंय. वही चालू आहे, पुढच्या बैठकीला घेऊन येणार आहेत. तुम्हीही आणा. चार रकाने पुरेत: कुठून आलं, किती मिळाले, किती तास गेले, परत आलं का.