अंदाजपत्रकातील तूट म्हणजे काय?
(माध्यमिक विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



दरवर्षी फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडले जाते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात महसुली तूट, राजकोषीय तूट, सार्वजनिक कर्ज हे शब्द दिसतात. तिन्ही शब्द पैसा कमी पडण्याविषयीच असल्याने ते एकच वाटतात. पण त्यांचे अर्थ निरनिराळे आहेत. आज आपण एकाच वर्षाचा हिशेब घेऊन ते समजून घेऊ.

2024-25 चे केंद्र सरकारचे अंदाजपत्रक निवडणुकीमुळे जुलै 2024 मध्ये मांडले गेले. त्यातील आकडे लाख कोटींचे आहेत आणि ते डोळ्यांपुढे उभे राहात नाहीत. म्हणून आपण एक लाख कोटीऐवजी दहा हजार रुपये धरू आणि सरकारला एक कुटुंब मानू.

या कुटुंबाची वर्षाची मिळकत 3 लाख 12 हजार 900 रुपये. कर, सरकारी कंपन्यांचा नफा, रिझर्व्ह बँकेकडून येणारा लाभांश हे सारे यात आले. ही महसुली जमा. आता चालू खर्च पाहा. पगार, निवृत्तिवेतन, धान्यावरील व खतांवरील अनुदान, राज्यांना मदत आणि जुन्या कर्जाचे व्याज मिळून 3 लाख 70 हजार 900 रुपये होतात. म्हणजे रोजचा संसार चालवण्यातच 58 हजार कमी पडले. हीच महसुली तूट.

पण कुटुंबाला घरही बांधायचे असते. सरकारचे घर म्हणजे रस्ते, रेल्वे, पूल, संरक्षण सामग्री. या भांडवली खर्चासाठी 1 लाख 11 हजार 100 रुपये ठेवले आहेत. दुसऱ्यांना दिलेली कर्जे परत आली आणि सरकारी कंपन्यांचे काही भाग विकले, त्यातून 7 हजार 800 मिळायचे आहेत. आता वहीत बेरीज करा : 58,000 अधिक 1,11,100 वजा 7,800. उत्तर येते 1 लाख 61 हजार 300. एवढे पैसे उसने घ्यावे लागणार, आणि हीच राजकोषीय तूट. खऱ्या आकड्यांत ती 16.13 लाख कोटी रुपये, म्हणजे देशाच्या वर्षाच्या एकूण उत्पादनाच्या 4.9 टक्के होती.

आता दोन्ही तुटी शेजारी ठेवून पाहा. उसन्या घेतलेल्या प्रत्येक रुपयातील सुमारे 36 पैसे चालू खर्चात जातात. रेल्वेमार्गासाठी काढलेल्या कर्जाच्या मागे निदान रेल्वेमार्ग तरी उभा राहतो. चालू खर्चासाठी काढलेल्या कर्जाच्या मागे बहुधा फक्त हप्ता उरतो. मात्र एक सावधगिरी बाळगा. शिक्षकाचा पगार व दवाखान्यातील औषधेही महसुली खर्चातच मोडतात. म्हणून महसुली खर्च म्हणजे उधळपट्टी, असे समजू नये.

सार्वजनिक कर्ज हे याहून वेगळे. तूट ही एका वर्षात हौदात पडणारे पाणी, तर कर्ज म्हणजे आजवर साठलेले पाणी. तूट गेल्या वर्षापेक्षा कमी झाली तरी हौद भरतच असतो, फक्त जरा सावकाश. “तूट घटली म्हणजे कर्ज फिटले” हे म्हणणे म्हणूनच चूक. हे कर्ज मुख्यतः देशातच काढलेले आहे. सरकार कर्जरोखे विकते आणि बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी ते घेतात. आपण बँकेत ठेवलेल्या पैशांतील काही भागही असाच सरकारकडे जातो.

साठलेल्या कर्जाचे ओझे व्याजाच्या रूपाने दिसते. आपल्या कुटुंबाच्या चालू खर्चात व्याजाचेच 1 लाख 16 हजार 300 रुपये आहेत. मिळकतीच्या दर रुपयातील सुमारे 37 पैसे शाळा, दवाखाना, पाणी यांच्यापर्यंत पोचण्याआधीच व्याजात गेले! हे व्याज नसते, तर 1 लाख 61 हजार 300 ऐवजी 45 हजारच उसने घ्यावे लागले असते. या आकड्याला प्राथमिक तूट म्हणतात.

मग सरकार बुडेल का? इथे कुटुंबाचा दाखला अपुरा पडतो. कुटुंबप्रमुख म्हातारा होतो, त्याची कमाई थांबते. देशाचे उत्पादन मात्र वाढत राहू शकते. म्हणून कर्ज त्या उत्पादनाशी ताडून पाहतात. 2024-25 साठी केंद्राचे कर्ज उत्पादनाच्या सुमारे 57 टक्के धरले होते. उत्पादन कर्जापेक्षा वेगाने वाढले तर रुपयांत कर्ज वाढूनही हे प्रमाण उतरते. उत्पादन मंदावले तर ते चढते. 2020-21 मध्ये कोरोनामुळे कराची जमा आटली, खर्च वाढला, उत्पादनही घटले आणि राजकोषीय तूट 9 टक्क्यांच्या वर गेली.

पुढचे अंदाजपत्रक येईल तेव्हा ‘अंदाजपत्रक दृष्टिक्षेपात’ ही छोटी पुस्तिका मिळवा. त्यात महसुली तूट, राजकोषीय तूट आणि व्याज या तीन ओळी शोधा. प्रथम राजकोषीय तुटीतील किती भाग महसुली आहे ते काढा, मग महसुली जमेतील किती भाग व्याजात जातो ते काढा. हे दोन भागाकार केले की सरकारने काढलेले कर्ज कशासाठी आहे, हे तुमचे तुम्हालाच कळेल.