आज्ञा देणारा आणि गोळी झाडणारा



युद्ध संपल्यावर न्यायासनापुढे उभा केलेला सैनिक म्हणतो, 'मला आज्ञा होती.' सेनापती म्हणतो, 'मी कोणावर शस्त्र उचलले नाही.' दोन्ही उत्तरे ग्राह्य धरली, तर हजारोंची हत्या होऊनही अपराधी कोणीच उरत नाही. बोस्नियातील स्रेब्रेनित्साच्या हत्याकांडात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे हाच पेच उभा राहिला.

११ जुलै १९९५ रोजी बोस्नियाई सर्ब सैन्याने ते नगर घेतले आणि पुढील काही दिवसांत सात हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष व मुलगे ठार केले. १६ जुलैला ब्रान्येवो येथील शेतीफार्मवर बसगाड्या भरभरून आणलेल्या बंदिवानांना गोळ्या घालणाऱ्यांत द्राझेन एर्देमोविच हा तरुण सैनिक होता. त्याने स्वतःच गुन्हा कबूल केला. आपल्या हातून सुमारे सत्तर जण मारले गेले असावेत, असे त्याने सांगितले. नकार दिला तेव्हा 'मग तूही त्यांच्या रांगेत उभा राहा' अशी धमकी मिळाली, हेही सांगितले. न्यायाधीशांत मतभेद झाले. अखेर तीन विरुद्ध दोन मतांनी ठरले की, स्वतःच्या प्राणभयाने निरपराधांची हत्या निर्दोष ठरत नाही. मात्र शिक्षा सौम्य होऊ शकते. १९९८ मध्ये त्याला पाच वर्षांचा कारावास झाला.

हाच सैनिक पुढे द्रिना कोअरचे सेनापती जनरल रादिस्लाव क्रस्टिच यांच्या खटल्यात साक्षीदार झाला. परंतु सैनिकाची साक्ष सेनापतीपर्यंत आपोआप पोहोचत नाही. एर्देमोविचची तुकडी क्रस्टिच यांच्या हाताखाली नव्हती. ती थेट मुख्य सेनाधिष्ठानाच्या आज्ञेत होती. अशा वेळी केवळ पद पाहून चालत नाही. हाताखालच्यांचे अपराध सेनापतीच्या माथी मारायचे, तर तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: त्या लोकांवर त्याचा प्रत्यक्ष ताबा होता, गुन्ह्याची त्याला जाणीव होती किंवा ती असण्यास कारण होते, आणि तरीही त्याने तो रोखला नाही वा अपराध्यांना शासन केले नाही.

२००१ मध्ये क्रस्टिच यांना वंशसंहाराबद्दल ४६ वर्षांची शिक्षा झाली. २००४ च्या अपिलात न्यायाधीशांनी फरक केला. संहाराचा हेतू त्यांचा स्वतःचा होता, हे सिद्ध होत नव्हते. मात्र वरिष्ठांचा हेतू त्यांना ठाऊक होता आणि तरीही आपल्या कोअरची माणसे व साधने त्यांनी वापरू दिली, हे सिद्ध झाले. वंशसंहारास साहाय्य केल्याबद्दल शिक्षा ३५ वर्षांवर आली.

मुख्य सेनाधिष्ठानाचे प्रमुख रात्को म्लादिच मात्र २०११ पर्यंत हाती लागले नाहीत. त्यांना २०१७ मध्ये जन्मठेप झाली आणि २०२१ मध्ये ती कायम झाली. कबुली देणाऱ्या सैनिकाचा निकाल तीन वर्षांत लागला. शिखरावरच्या माणसापर्यंत पोहोचण्यास सव्वीस वर्षे लागली. आज्ञा तासाभरात खाली उतरते. तिचा माग काढत न्यायाला मात्र पायरी पायरीने वर चढावे लागते.