सांगता आले तरच समजले



मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी कायद्याच्या महाविद्यालयात जातो, तेव्हा त्याच्या हाती पडणारी पुस्तके बहुधा इंग्रजीत असतात. परीक्षा जवळ आली की तो त्यांतील वाक्ये पाठ करतो आणि वाक्य पाठ झाले म्हणजे सिद्धांत समजला, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. हा समज खरा की खोटा, हे उत्तरपत्रिका हाती येण्यापूर्वीच पडताळता येते. त्यासाठी अभ्यासातल्या सोबत्यासमोर तो सिद्धांत मोठ्याने सांगून पाहावा. मात्र नुसते सांगून भागत नाही. ऐकणारा काय विचारतो, यावर या कसोटीचा खरेपणा अवलंबून असतो. एक उदाहरण घेतले म्हणजे हे स्पष्ट होईल.

राज्यघटनेच्या पेपरची तयारी करणाऱ्या दोन मैत्रिणी समोरासमोर बसल्या आहेत, अशी कल्पना करावी. विषय आहे घटनेच्या मूलभूत संरचनेचा सिद्धांत. पहिली मैत्रीण पुस्तक मिटते आणि एका दमात सांगते, ‘‘संसदेला घटनेत दुरुस्ती करता येते, पण घटनेची मूलभूत संरचना बदलता येत नाही. केशवानंद भारती खटला, २४ एप्रिल १९७३, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा.’’ यात एकही शब्द चुकीचा नाही. तरीही यावरून तिला काय समजले, ते काहीच कळत नाही.

म्हणून दुसरी म्हणते, ‘‘आता ‘मूलभूत संरचना’ हे शब्द न वापरता सांग. आणि मराठीतच सांग.’’ येथे पहिली अडखळते. पाठ केलेल्या वाक्याचा आधार सुटल्यावर तिला कारणाकडे वळावे लागते. दुरुस्तीचा अधिकार संसदेला कोणी दिला? घटनेनेच, अनुच्छेद ३६८ मध्ये. आणि अधिकार कशाचा दिला? दुरुस्तीचा. मग ती स्वतःच दाखला शोधते, ‘‘जुना वाडा दुरुस्तीला दिला, तर गवंडी छप्पर बदलील, एखादी भिंत नव्याने बांधील. पण वाडाच पाडून त्या जागी दुसरी इमारत उभी केली, तर तिला दुरुस्ती कोण म्हणेल? घटनेत कितीही बदल केले, तरी ती तीच घटना म्हणून ओळखता आली पाहिजे.’’ निर्णयाचा गाभा हाच होता. दाखला स्वतःचा आहे आणि तो कारणाला धरून आहे, ही समज आल्याची पहिली खूण होय.

परंतु कारण सांगता आले, तरी मर्यादा कळली आहे असे होत नाही. म्हणून दुसरा प्रश्न येतो, ‘‘मग संसदेला मूलभूत हक्कांत बदल करता येतो का गं?’’ पहिली ताडकन उत्तरते, ‘‘छे! ते तर मूलभूतच आहेत.’’ नेमके हेच उत्तर चुकीचे आहे. ‘मूलभूत’ हा शब्द दोन्हीकडे आल्यामुळे तिच्या मनात दोन निराळ्या गोष्टी एक झाल्या आहेत. मूलभूत हक्कांचा संकोच करणारी दुरुस्ती संसदेला करताच येत नाही, हा निर्णय १९६७ च्या गोलकनाथ खटल्यातला होता. त्याला उत्तर म्हणून संसदेने १९७१ मध्ये चोविसावी घटनादुरुस्ती केली. केशवानंद खटल्यात न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली आणि गोलकनाथ निर्णय रद्दबातल केला. म्हणजे मूलभूत हक्कही दुरुस्तीच्या कक्षेत आले. अट एवढीच, की त्या बदलाने घटनेची ओळख पुसली जाऊ नये. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या प्रकरणातून काढला गेला. आज तो अनुच्छेद ३०० अ खाली कायदेशीर हक्क म्हणून उरला आहे. हे एक उदाहरण डोळ्यांपुढे असले, तर ही गल्लत पुन्हा होत नाही. आणि प्रश्न विचारला गेला नसता, तर पहिले अचूक वाक्य तोंडपाठ असूनही ही चूक परीक्षेपर्यंत तशीच राहिली असती.

तिसरा प्रश्न पुस्तकाबाहेरचा असावा. ऐकणारी विचारते, ‘‘समज, उद्या संसदेने अशी दुरुस्ती केली, की कोणत्याही घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही. ती टिकेल का?’’ निवाड्याचे नाव आठवत नसले, तरी जिला कारण कळले आहे ती वाट काढते. ‘‘संसदेला मिळालेला अधिकार मर्यादित आहे. तोच अधिकार वापरून ती मर्यादाच पुसायची म्हटली, तर गवंड्याने आपणच वाड्याचे मालक झाल्याचे जाहीर केल्यासारखे होईल. म्हणून ती टिकू नये.’’ वस्तुतः बेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३६८ मध्ये असेच खंड घातले होते आणि १९८० च्या मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते याच स्वरूपाच्या युक्तिवादाने रद्द केले. न वाचलेल्या निर्णयाच्या जवळपास विद्यार्थिनी स्वतःच्या विचाराने पोहोचली, याहून भक्कम पुरावा कोणता?

दाखल्यालाही मर्यादा असते, तीही सांगता आली पाहिजे. वाड्याचे खांब मोजता येतात. घटनेची मूलभूत वैशिष्ट्ये कोणती, याची बंदिस्त यादी मात्र न्यायालयाने दिलेली नाही. केशवानंद निर्णयात निरनिराळ्या न्यायाधीशांनी निरनिराळी वैशिष्ट्ये सांगितली आणि पुढच्या खटल्यांत त्यांत भर पडत गेली. ‘‘सगळे खांब सांग,’’ असे म्हटल्यावर जी विद्यार्थिनी ठरावीक यादी म्हणून थांबते, तिला सिद्धांताचा हा खुलेपणा अजून उमगलेला नाही.

ही रीत कोठे फसते, तेही लक्षात घ्यावे. दोघींनी एकच मार्गदर्शक वाचला असेल, तर दोघींची चूकही एकच असते आणि ऐकणारी खुशाल मान डोलावते. म्हणून ऐकणारीसमोर मूळ निर्णयाचा उतारा किंवा वेगळे पुस्तक उघडे असावे. दुसरा धोका मदतीचा. मैत्रीण अडखळली की हवा तो शब्द पुरवण्याचा मोह होतो. पण एकदा शब्द पुरवला की नेमके काय ठाऊक नव्हते ते झाकले जाते. ती गप्प राहिली, तर ऐकणारीनेही थोडा वेळ गप्प राहावे आणि ज्या ठिकाणी ती थांबली ते कागदावर टिपून ठेवावे. दुसऱ्या दिवशी त्या टिपेपासूनच पुन्हा सांगायला सुरुवात करावी. शिवाय तोंडी उत्तर साधले म्हणून लेखी उत्तर आपोआप साधत नाही. युक्तिवादाचा क्रम आणि वेळेचे भान यांसाठी कागदावर स्वतंत्र सराव करावाच लागतो.

पालकांपैकी ज्यांचा कायद्याशी संबंध नाही, त्यांनाही घरी ऐकणाऱ्याची जागा घेता येईल. ‘‘ते अवघड नाव न घेता मला सांग बरं,’’ हा पहिला प्रश्न त्यांना उत्तम विचारता येतो. आईला किंवा आजोबांना समजले नाही, तर बहुधा सांगणाऱ्याला कारण सापडलेले नसते. मात्र गोलकनाथ आणि केशवानंद यांच्यातली गल्लत त्यांच्या ध्यानात येणार नाही. ती पकडायला त्याच विषयाचा सोबतीच लागतो. तेव्हा पहिल्यांदा घरी सांगावे, दुसऱ्यांदा सोबत्यापुढे, आणि जेथे अडखळले तेथे मूळ निर्णयाचे पान उघडावे.