माहिती अपुरी की निवड नाही?

बँक भरतीच्या तर्कक्षमता चाचणीत निवडीच्या अटींवर प्रश्न असतात. समजा, अटी अशा आहेत: पदवीला किमान ६० टक्के, वय २१ ते ३०, अनुभव दोन वर्षांचा. गुण कमी, पण पदव्युत्तर पदवी असेल, तर अर्ज व्यवस्थापकांकडे.

आता उमेदवाराला ५६ टक्के आहेत, वय २६, एम.कॉम. झालंय, अनुभवाचा उल्लेखच नाही. घाईघाईत बरेच जण अर्ज व्यवस्थापकांकडे धाडतात आणि हकनाक गुण गमावतात. सवलत फक्त गुणांपुरती आहे. अनुभव आहे की नाही, हेच कळत नाही, म्हणून उत्तर ‘माहिती अपुरी’. अनुभव मनाने धरायचा नाही.

मात्र वय ३४ असतं, तर अनुभवाचा प्रश्नच उरत नाही. वयाला सवलत नाही; उत्तर थेट ‘निवड नाही’.