जीन्समधून नऊवारीत: कपडे बदलले तरी पात्र तेच कसं राहतं?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी जसंच्या तसं.)

राजुऱ्याहून मी बोलतेय. मागच्या भागानंतर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला. "ताई, मी ॲनिमे कॅरेक्टरला साडी नेसवली, पण ती चिकटवल्यासारखी दिसते. असं का होतं?" म्हणून आज फक्त याच प्रश्नावर बोलू. मोबाईल, बोट किंवा साधा स्टायलस आणि ibis Paint X सारखं एखादं ड्रॉइंग ॲप, एवढ्यावर हे सगळं जमतं.

उदाहरण खरंखुरं घेते. आमच्या ओळखीतल्या एका घरी लग्न होतं. नवरीचं ॲनिमे स्टाईलमधलं एक छान चित्र आधीपासून होतं. त्यात ती कुर्ता आणि जीन्समध्ये उभी, केस मोकळे, एक हात कमरेवर. आता पत्रिकेसाठी तीच मुलगी, तोच चेहरा, पण अंगावर करवत काठी नऊवारी हवी होती. करवत काठी म्हणजे आपल्या विदर्भातली कोशाची साडी, जिच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. नागभीडकडे कोसा विणतात हे तुम्हाला माहीतच असेल. त्या घरातल्या आजी आयुष्यभर लुगडं नेसलेल्या, त्यामुळे चित्र आधी त्यांच्या नजरेखालून जाणार होतं.

घरातल्या एका पोराने आधीच एक प्रयत्न केला होता. इंटरनेटवरून साडीचं एक रेखाचित्र घेतलं, लहान केलं आणि अंगावर बसवलं. आजींनी बघितलं आणि विचारलं, "काष्टा कुठी गेला?" नवरी म्हणाली, "डोकं माझं आहे, पण अंग दुसऱ्याचं वाटतंय." दोघींचंही बरोबर होतं, फक्त कारणं वेगळी होती. आधी नवरीच्या तक्रारीकडे वळू.

ते साडीचं चित्र मोठं होतं. त्याची रेघ 10 पिक्सेल जाड होती. चित्र 40 टक्क्यांवर आणलं, तर रेघही 40 टक्क्यांवर आली, म्हणजे 4 पिक्सेल. चेहऱ्याची बाहेरची रेघ मात्र 10 पिक्सेलच राहिली. मान जिथे संपते आणि पदर जिथे सुरू होतो, तिथे 10 आणि 4 शेजारी शेजारी आले. आपल्याला आकडे दिसत नाहीत, पण डोळ्याला लगेच कळतं की ही दोन वेगवेगळ्या हातांची चित्रं आहेत. म्हणून पहिला नियम: रेघ काढून झाली की ती लहान-मोठी करायची नाही. माप बदलायचं असेल तर कच्च्या स्केचचं बदला, आणि पक्की रेघ शेवटच्या मापातच ओढा.

मग मूळ रेघेची जाडी मोजायची कशी? सोपं आहे. चित्र भरपूर झूम करा. एका नव्या लेयरवर, मूळ रेघेच्या अगदी शेजारी, ब्रशने एक ठिपका द्या. ठिपका रेघेपेक्षा बारीक वाटला तर ब्रशचा आकार वाढवा, जाड वाटला तर कमी करा. दोन्ही सारखे दिसले की तो आकडा लिहून ठेवा. हे तीन ठिकाणी करायचं: शरीराची बाहेरची कड, कपड्याच्या आतली चुणी आणि केसांच्या आतली बारीक रेघ. आमच्या चित्राचा कॅनव्हास 2000 बाय 3000 पिक्सेलचा होता. तिथे आकडे निघाले 10, 6 आणि 4. झालं! आता नऊवारीला या तीनच जाड्या वापरायच्या. चौथी जाडी चित्रात शिरू द्यायची नाही.

रेघेची टोकंही बघा. मूळ चित्रात रेघ सुरुवातीला आणि शेवटी निमुळती होते का, की शेवटपर्यंत एकसारखी जाते? बोटाने काढताना दाब कळत नाही, म्हणून ब्रशच्या सेटिंगमध्ये सुरुवातीची आणि शेवटची जाडी कमी करून निमुळतेपणा आणावा लागतो. हात थरथरत असेल तर `Stabilizer` वाढवा. पण मूळ चित्रातली रेघ थोडी हातची, वळणदार असेल तर तो फार वाढवू नका. नाहीतर कपडे पट्टीने आखल्यासारखे येतात आणि चेहरा हाताने काढल्यासारखा राहतो.

एक अडचण नेहमी येते. मूळ चित्र व्हॉट्सॲपवरून आलेलं, लहान आणि अस्पष्ट असतं. ते मोठं केलं की त्याच्या रेघांच्या कडा धूसर होतात. त्यावर तुम्ही नवी, कडक रेघ ओढली की जाडी जुळूनही फरक दिसतो. अशा वेळी चेहरा, केस आणि हातसुद्धा त्याच ब्रशने नव्या लेयरवर गिरवून घ्या. तासभर जास्त जातो, पण सगळं चित्र एका हातचं होतं. आणि दुसऱ्या कोणाचं चित्र असेल तर आधी त्याला विचारा. आमच्याकडे मूळ चित्रकाराची परवानगी घेतली होती.

आता आजींचा काष्टा. जुने कपडे पुसल्यावर बरेच जण थेट साडी काढायला घेतात. त्याआधी एका लेयरवर फिक्या रंगात नुसतं शरीर काढून घ्या: कंबर कुठे, गुडघे कुठे, वजन कोणत्या पायावर. कापड शरीरावरून लटकतं, त्यामुळे खाली शरीर नसेल तर साडी कागदाच्या घडीसारखी दिसते. नऊवारीत तर हे जास्तच लागतं, कारण काष्ट्यामुळे दोन्ही पाय वेगळे दिसतात. समोरून बघताना काष्टा मागे खोचलेला असतो, तो दिसणारच नाही. मग तो आहे हे कळणार कसं? पायांवरून. मध्ये निऱ्या, त्यांच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक पोटरीभोवती स्वतंत्र गुंडाळलेलं कापड, आणि पायांच्या मध्ये मोकळी फट. इंटरनेटच्या चित्रात खाली एकच सरळ घेर होता, म्हणजे ती सहावारी होती. आजींनी काष्टा विचारला तो यासाठी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. खऱ्या नऊवारीत चुण्या आणि निऱ्या इतक्या असतात की सगळ्या काढायला गेलात तर चित्र काळं पडेल. स्टाईल म्हणजे नुसती रेघेची जाडी नाही. एवढ्या जागेत किती रेघा, हीसुद्धा स्टाईल आहे. म्हणून मूळ कपड्यांतल्या आतल्या रेघा मोजा. आमच्या मुलीच्या कुर्ता-जीन्समध्ये मिळून 18 होत्या आणि दोन रेघांमधलं अंतर कुठेही 25 पिक्सेलपेक्षा कमी नव्हतं. हा झाला आपला खर्चाचा हिशोब. नव्या साडीत साधारण तेवढ्याच रेघा खर्च करायच्या.

आम्ही तो असा वाटला. समोरच्या निऱ्यांना 6 रेघा. निऱ्यांची रुंदी 240 पिक्सेल होती, म्हणजे दोन रेघांत साधारण 40 पिक्सेलची जागा राहिली. पदराला 5, कारण तो खांद्यावरून वळतो आणि तिथे चुणी दिसायलाच हवी. कमरेवर जिथे कापड ओढलं जातं तिथे 4. दोन्ही पायांवर मिळून 4. एकूण 19. मूळच्यापेक्षा एक जास्त, पण अंतर कुठेही 25 च्या खाली गेलं नाही. सगळ्या निऱ्या एकाच लांबीच्या मात्र काढू नका. दोन खालपर्यंत जाऊ द्या, बाकीच्या मध्येच विरू द्या.

कापडाची जातही इथेच दाखवायची. कोसा जरा कडक असतो, त्यामुळे त्याची चुणी कोनात मोडते. शिफॉनसारखी गोल, वाहती रेघ काढली की कोसा राहत नाही. रेघेची जाडी तीच ठेवायची, फक्त वळण बदलायचं.

आणि काठ? करवतीचे दात एकेक करून काळ्या रेघेने काढलेत की काठच सगळ्यात गडद दिसेल आणि नजर चेहऱ्यावरून खाली घसरेल. 'डीमन स्लेयर'मधल्या तान्जिरोचा हिरव्या-काळ्या चौकड्यांचा अंगरखा आठवा. त्या चौकड्यांभोवती वेगळी रेघ नाही, नुसता रंग आहे. तसंच करायचं. साडीच्या रंगावर क्लिपिंग लेयर घ्या आणि दात नुसत्या रंगाने भरा. फक्त जिथे चुणीची रेघ येते तिथे नक्षी तुटली पाहिजे आणि पुढच्या घडीवर थोडी सरकून सुरू झाली पाहिजे. नक्षी चुणीवरून सरळ पुढे गेली की कापड सपाट दिसतं.

सावलीचंही तेच. कोशाला मंद चमक असते, म्हणून ग्रेडियंट मारायचा मोह होतो. पण मूळ चित्रात त्वचेवर आणि कुर्त्यावर एकच, कडक कडेची सावली होती. मग साडीवरही एकच. चमक हवी असेल तर खांद्यावर आणि गुडघ्यावर फिक्या रंगाचा एक छोटा ठसा पुरे.

भारतीय वस्त्रं ॲनिमेत कशी बसतात हे बघायचं असेल तर 1992 चा 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा' बघा. युगो साको, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांनी तो दिग्दर्शित केला. धोतर कसं नेसतात इथपासून जपानी ॲनिमेटरांना समजावून द्यावं लागलं होतं. राजवाड्यातला राम आणि वनवासातला राम असे दोन स्क्रीनशॉट शेजारी ठेवा. दागिने जातात, वस्त्रं साधी होतात. आता चेहऱ्याची आणि कापडाची रेघ वर सांगितलं तशी मोजून बघा.

शेवटी तपासणी. रंगाचे सगळे लेयर बंद करा, फक्त रेघा ठेवा आणि चित्र डीपीएवढं लहान करून बघा. साडीचा भाग चेहऱ्यापेक्षा काळा वाटला तर रेघा जास्त झाल्या, दोन-तीन पुसा. साडी फिकी वाटली तर जाडी चुकली, पुन्हा ठिपका लावून मोजा. मग चित्र आडवं उलटं करा. पदर खांद्यावर बसलाय की हवेत तरंगतोय, ते लगेच कळतं.

एक मर्यादाही सांगून ठेवते. मूळ चित्रात पाय एकमेकांवर टाकलेले असतील तर काष्टा स्पष्ट दिसणारच नाही. तिथे कितीही घासलंत तरी उपयोग नाही. कमरेखालची पोझ बदला, नाहीतर चित्र कमरेपर्यंतच ठेवा.

आमची पत्रिका छापून आली. आजींनी आधी पाय बघितले, मग निऱ्या, मग काठावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आता नेसली बरोबर." नवरीने मात्र साडीकडे बघितलंच नाही. ती म्हणाली, "हो, ही मीच आहे."

तुम्ही काढलेलं चित्र पाठवाल तेव्हा सोबत तुमचे तीन आकडेही लिहा. पुढच्या भागात दागिने घेऊ: नथ आणि ठुशी 4 पिक्सेलच्या रेघेत कशी मावते ते. भेटू!